एक-चौदाची फाइल आणि कुणीच न मागितलेले पैसे

वारशाने आलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर आपली नावे चढवायचा गोव्यातला मार्ग कायद्यात वाचला, तर त्यात लाचेला जागाच दिसत नाही. वडील वारले की वारस सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन वारसपत्र, म्हणजे डीड ऑफ सक्सेशन, करून घेतात. त्याची प्रमाणित प्रत, मृत्यूचा दाखला, जमिनीचा फॉर्म एक-चौदा, म्हणजे गोव्यातला हक्कनोंदीचा उतारा, आणि सगळ्या संबंधितांचे पत्ते जोडून म्युटेशनचा, म्हणजे फेरफाराचा, अर्ज मामलेदार कार्यालयात जातो. त्याची नोंद फेरफाराच्या वहीत होते, उताऱ्यावर ज्यांची ज्यांची नावे आहेत त्यांना नोटिसा निघतात, ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते आणि नवा एक-चौदा ऑनलाइन दिसू लागतो. गोव्याचा 1968 चा जमीन महसूल कायदा या कामाला एवढेच सांगतो. मर्जीचा प्रश्न फारसा कुठेच येत नाही. तरीही या एका कामासाठी पैसे लागतातच, असे मानणारे लोक पेडण्यापासून काणकोणपर्यंत भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे कोणीही तोंडाने पैसे मागितलेले नसतात. न मागता पैसे कसे जातात, हे अशा फायलींबरोबर चालत गेल्यावरच कळते.

एक प्रकरण समोर ठेवतो. ते एकाच घरातले नाही, अनेक फायलींत तेच तेच दिसलेले एकत्र जुळवले आहे. एक कुळागर आहे, सुपारी, नारळ, थोडी मिरी. जमीन तीन सर्व्हे नंबरांत विखुरलेली. उताऱ्यावर फक्त वडिलांचे नाव. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. थोरला घरी असतो, धाकटा आखातात नोकरीला आहे, मुलगी सावंतवाडीला दिलेली. वाद कसलाही नाही. मुलांना जमीन वाटून घ्यायची नाही, विकायचीही नाही. पुढेमागे बँकेकडे किंवा खात्याकडे एखाद्या योजनेसाठी गेले तर नावे असावीत, एवढेच.

थोरला अर्ज घेऊन जातो तेव्हा टेबलावरचा कारकून म्हणतो, "ठेवून जा, बघतो." थोरला ठेवून येतो. पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ या शब्दांत आहे. अर्जाची दुसरी प्रत आवक विभागात नेऊन तिच्यावर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला नसेल, तर ती फाइल सरकारदरबारी जन्मालाच आलेली नसते. कारकुनाने ती खणात ठेवली काय किंवा कपाटावर टाकली काय, कोणताही दिवस मोजला जात नाही, कोणाला जाब विचारता येत नाही. थोरल्याला मात्र वाटत असते की आपण अर्ज "दिलेला" आहे. तो महिन्याभराने चौकशीला जातो आणि त्याला सांगितले जाते की पत्ते अपुरे आहेत.

पत्ते खरोखरच अपुरे असतात. गोव्यात समान नागरी कायद्याखाली बहुतेक विवाह मिळकतीच्या सामाईकतेत होतात, म्हणून वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचेही नाव येते. मुलीच्या नवऱ्याचे नाव आणि पत्ता दिलेला नाही, धाकट्याच्या बायकोचा नाही, धाकट्याचा आखातातला पत्ता नाही. ही शंका बरोबर आहे, कारण ज्याचा हक्क जमिनीत आहे त्याला नोटीस गेल्याशिवाय नोंद प्रमाणित करता येत नाही, आणि तशीच केली तर ती पुढे मोडते. थोरला पत्ते आणून देतो. पुढच्या खेपेला सांगितले जाते की मृत्यूच्या दाखल्यावर नाव "विठ्ठल" आहे आणि उताऱ्यावर "विठू". हीसुद्धा खरी अडचण आहे. गोव्यात सर्वेक्षण झाले तेव्हा लोकांची नावे रोमन लिपीत, जशी कानावर पडली तशी लिहिली गेली. आडनाव एका उताऱ्यात एक, दुसऱ्यात दुसरे, हे घरोघरी आहे. दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र, सोबत पंचायतीचा दाखला किंवा जुने एखादे कागदपत्र, यावर हे काम भागते.

या दोन्ही शंका पहिल्याच दिवशी, एकाच कागदावर लिहून देता आल्या असत्या. दोन्ही एकेक करून, तोंडी आणि महिन्याच्या अंतराने आल्या. कारकुनाने यात खोटे काही सांगितलेले नाही. त्याने फक्त लिहिले नाही आणि एकदम सांगितले नाही. पण थोरल्याच्या मनात त्यातून एक समज तयार होते: आपण काही आणले तरी आणखी काहीतरी निघणार. मग तिसऱ्या खेपेला खरोखरच अनाठायी मागणी येते. मूळ पोर्तुगीज काळातला दस्त आणा. वारसाच्या फेरफारात हा प्रश्नच नाही. वडिलांचे नाव उताऱ्यावर आधीच आहे, ते तिथे कसे आले हे तपासायचे नाही, ते गेले आणि मागे कोण आहेत एवढेच पाहायचे आहे. किंवा म्हणतात, साहेब एकदा जागा बघायला येणार. जमिनीत काहीच बदललेले नाही, हद्द हललेली नाही, मग बघायचे काय? पण पहिल्या दोन शंका खऱ्या निघालेल्या असल्यामुळे तिसरी खोटी आहे हे थोरल्याला ओळखता येत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तिन्ही सारख्याच.

ओळखायची खूण आहे. खरी शंका नोटिशीशी, ओळखीशी किंवा हक्काशी जोडलेली असते, तुम्ही विचारलेत तर कारकून ती लिहून देतो, आणि ती पूर्ण झाली की पुढचे पाऊल कोणते ते सांगतो. बनावट शंका आधीची शंका मिटल्यानंतरच उगवते, ती लिहून मागितली की विरघळते, आणि तिच्यानंतर काय हे कोणी सांगत नाही.

कार्यालयाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदली पाहिजे, कारण ती खरी आहे. गोव्यात परदेशी गेलेल्या किंवा मागे कोणी नसलेल्या मालकांच्या जमिनी बनावट कागदांवर बळकावल्याची प्रकरणे इतकी झाली की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा प्रकरणांत खोटे वारस आणि खोटे जुने दस्त फेरफारापर्यंत पोचतात. म्हणून काळजी घेणारा कारकून त्रास देतो असे नाही. काळजीने विचारलेला प्रश्न आणि अडवण्यासाठी विचारलेला प्रश्न ऐकायला सारखेच वाटतात, आणि या धंद्याची सगळी भिस्त त्यावरच आहे.

आता कार्यालयाबाहेर येऊ. प्रत्येक मामलेदार कार्यालयाच्या आसपास झेरॉक्सचे दुकान, टायपिंग करणारा, स्टॅम्प विकणारा असतो. त्यांच्यापैकी किंवा त्यांच्याजवळ उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी विचारते, "काका, कसले काम?" थोरला सांगतो. समोरचा मान हलवतो. "म्युटेशन? तीन नंबर? कोणत्या टेबलावर आहे?" थोरला टेबल सांगतो. "ते होणार नाही असे. माझ्याकडे द्या. आठ हजार, सगळे मिळून. आतले मी बघतो. काम झाले नाही तर पैसे परत."

या बोलण्यात लाच हा शब्द नाही, कोणाचे नाव नाही, आणि "आतले" म्हणजे कोण तेही नाही. थोरला मनात हिशोब करतो: गाडीचे पेट्रोल, बुडालेली रोजंदारी, पुन्हा पुन्हा रजा. आठ हजार त्याला स्वस्त वाटतात. आणि एजंट जे करतो त्यातला मोठा भाग खराच असतो. तो सगळे पत्ते एकाच बैठकीत लिहून घेतो, प्रतिज्ञापत्र तयार करतो, पंचायतीचा दाखला आणतो, कागदांना पाननंबर घालून यादी जोडतो आणि अर्ज आवक करून क्रमांक घेतो. म्हणजे अर्जदाराला कोणी सांगितलेच नाही ते काम तो करतो. हे काम प्रामाणिकपणे हजार-दीड हजारात होण्यासारखे आहे. उरलेले पैसे कुठे जातात, हे थोरल्याला कधीच कळत नाही, आणि कळू नये अशीच व्यवस्था असते.

कधी ते खरोखर टेबलापर्यंत जातात. पण कित्येकदा जातच नाहीत, आणि ही गोष्ट लोकांना पटवून देणे फार कठीण जाते. विचार करा. हरकत नसलेला वारसाचा फेरफार, कागद पूर्ण असतील तर, आज ना उद्या प्रमाणित होणारच असतो. नोटिसा निघाल्या आहेत की नाही, मुदत कधी संपते, हे एजंटला शिपायाकडून सहज कळते. तो तारीख बघतो आणि थोरल्याला फोन करतो: "साहेबांशी बोललो, पंधरा दिवसांत होईल." होते. साहेबांना काही माहीतही नसते. "काम झाले नाही तर पैसे परत" ही हमी तो बिनधास्त देऊ शकतो, कारण ज्या दहा जणांकडून त्याने घेतले त्यांतल्या बहुतेकांचे काम तसेही होणार असते, आणि ज्याचे खरोखर अडले, हरकत आली किंवा कुळाचा वा मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, दावा निघाला, त्याला तो पैसे परत करून नाव कमावतो. अडलेले काम त्याने विकलेले नसते. कायद्याने ठरलेली तारीख त्याने आपल्या नावावर विकलेली असते.

2024 मध्ये गोव्यात सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांकडे आल्या आणि अनेकांना अटक झाली. तिथेही तीच यंत्रणा होती. पैसे घेणाऱ्याचा आत कोणाशी संबंध असण्याची गरजच नव्हती. नोकरी पैशांशिवाय मिळत नाही, ही समज देणाऱ्याच्या मनात आधीपासून तयार होती, आणि घेणाऱ्याने तिचीच किंमत लावली. म्युटेशनमध्ये रक्कम लहान, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही, एवढाच फरक.

थोरल्याचे काम झाले. आता पुढचा टप्पा, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही: तो घरी येऊन काय सांगतो. चवथीला चार माणसे जमली की वाड्यावर विषय निघतो. "आमचे झाले बाबा. आठ लागले." यातले "आठ" हा आकडा त्या दिवसापासून दर होतो. पुढच्या माणसाला टेबलावर जायच्या आधीच माहीत असते की तिथे आठ लागतात. तो आवक क्रमांकाची चौकशी करत नाही, कागदांची यादी मागत नाही. तो थेट विचारतो, कोणाला गाठायचे? एजंटने खिशात घातलेले पैसे आता त्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नावावर जमा झालेले असतात. त्याने घेतले असोत वा नसोत.

आणि तिथे बदली होऊन एखादा नवा कारकून येतो. तो घेत नाही, असे मानू. अर्जदार येतात आणि फाइलखाली पाकीट सरकवतात, न विचारता. सुरुवातीला तो परत करतो. पण परत केल्यावर अर्जदाराच्या चेहऱ्यावर भीती दिसते: कमी पडले का? आपले काम आता अडणार? दुसऱ्या दिवशी तोच माणूस जास्त घेऊन येतो, किंवा एजंटला पाठवतो. नकाराचा अर्थ "जास्त पाहिजे" असा घेतला जातो. पाकिटांच्या आधी भेटी येतात: मे महिन्यात मानकुरादांची पेटी, भाजलेले काजू, घरच्या केळ्यांचा घड. त्या घेणे आपल्याकडे माणुसकीचे मानले जाते आणि न घेणे उद्धटपणाचे. भेट आणि पाकीट यांच्यामधली रेघ कारकुनाने आखायची असते आणि ती आखायला त्याच्या बाजूने कोणी उभे नसते. वरिष्ठ म्हणत नाही की घेऊ नको. शेजारचे टेबल म्हणते, तू घेतले नाहीस तरी बाहेर तुझ्या नावाने घेणारे आहेतच. अशा ठिकाणी वर्षभर बसलेला माणूस लोभी नसला तरी ढिला होतो. हे समर्थन म्हणून लिहीत नाही. सवय वरून लादली जाते हा समज अपुरा आहे, ती रांगेतूनही टेबलावर चढते, एवढे दिसावे म्हणून लिहितो.

देणाऱ्याच्या मनाला सर्वांत जास्त आधार देणारे वाक्य म्हणजे "आपण काही वाकडे काम करून घेत नाही." काम हक्काचे आहे, जमीन बापाची आहे, पैसे फक्त लवकर व्हावे म्हणून. 1964 मध्ये संथानम समितीने याच पैशांविषयी लिहिले होते. काम चुकीचे करून घ्यायला नव्हे, तर फाइल आणि निर्णय पुढे सरकावेत म्हणून दिला जाणारा हा पैसा, आणि त्याची सवय लागल्यावर काही कर्मचारी पैसे मिळेपर्यंत फाइलला हातच लावत नाहीत, हे समितीने तेव्हाच नोंदवले. म्हणजे वेगासाठी दिलेले पैसे वेग वाढवत नाहीत. न देणाऱ्यांची गती कमी करतात, आणि मग ती कमी झालेली गतीच नेहमीची ठरते. थोरल्याने आठ हजार देऊन जे विकत घेतले ते पूर्वी फुकट मिळत असे.

कायद्याच्या नजरेत तर हे वाक्य टिकतच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलम 7 खाली एक उदाहरणच दिले आहे: एखाद्या लोकसेवकाने रेशनकार्डाचा साधा, नेहमीचा अर्ज वेळेत करून देण्यासाठी पाच हजार रुपये मागितले, तर तो गुन्हेगार आहे. काम योग्य असणे ही सबब नाही. शिक्षा किमान 3 आणि कमाल 7 वर्षे. कलम 7-अ खाली लोकसेवकावर वजन टाकण्यासाठी म्हणून पैसे घेणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा असलेला माणूस कायद्याबाहेर नाही. आणि कलम 8 खाली देणाराही गुन्हेगार आहे, 7 वर्षांपर्यंत. आधी कोणाला न कळवता दिले असतील तर सूट एकच: देणे भाग पाडले गेले असेल, आणि दिल्यापासून 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले असेल. हे सात दिवस फार थोड्यांना माहीत आहेत. थोरल्याला कळले तेव्हा ते उलटून गेले होते, आणि त्यामुळे तो आता तक्रार करायच्या स्थितीत नाही. एजंटला हे पक्के ठाऊक असते.

मग पैसे न देता हे काम होते का? होते. कसे, ते सांगतो, आणि कुठे अडते तेही.

अर्ज देण्यापूर्वी तिन्ही नंबरांचे ताजे एक-चौदा ऑनलाइन काढावेत आणि त्यावरचे प्रत्येक नाव वाचावे, इतर हक्कांच्या रकान्यातलेही. तिथे कूळ किंवा मुंडकार म्हणून कोणाचे नाव असेल तर त्याचा पत्ता लागणारच. वारसपत्रातली नावे, दाखल्यावरची नावे आणि उताऱ्यावरची नावे शेजारी शेजारी मांडावीत. जिथे एक अक्षरही वेगळे, तिथे प्रतिज्ञापत्र आधीच जोडावे. परदेशी असलेल्याने मुखत्यारपत्र दिले असेल तर नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवायची ते अर्जात स्पष्ट लिहावे, कारण नोटीस परत येणे हे उशिराचे सर्वांत खरे आणि सर्वांत मोठे कारण आहे. सगळ्या कागदांना पाननंबर, वर एक यादी. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचे नाही. कारकून "ठेवून जा" म्हणाला तर "साहेब, फक्त शिक्का मारून द्या, मग ठेवतो" एवढेच, शांतपणे.

महिना गेला आणि हालचाल नाही, तर चकरा मारण्यापेक्षा एक पत्र आवक करावे. त्यात एकच विनंती: अर्जात काही त्रुटी असल्यास त्या सर्व एकत्र लेखी कळवाव्यात. या पत्राचे काम उत्तर मिळवणे हे नसतेच. पत्र आवकेत पडले की नंतर निघणारी प्रत्येक तोंडी शंका उशिरा सांगितल्यासारखी दिसू लागते, आणि फाइलवर सही करणाऱ्याला ते नको असते. त्यानंतरही शांतता असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. त्यात तक्रार लिहू नये, प्रश्न असे असावेत:

आवक क्रमांक अमुक या अर्जावर आजवर झालेली दैनंदिन कार्यवाही; तो अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याकडे होता; नोटिसा काढल्याची तारीख व पोच; फाइलवरील टिपणांच्या प्रती.

याला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि विनाकारण न दिल्यास माहिती आयोग रोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये, दंड माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करू शकतो. फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती हे कागदावर येणे, एवढ्यानेच बऱ्याच फायली सुटतात. कित्येक ठिकाणी उत्तराऐवजी नोटिसाच निघालेल्या दिसतात. गोव्यात 2013 पासून सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याच्या हक्काचा कायदाही आहे. आपली सेवा त्याखाली अधिसूचित आहे का, मुदत किती आणि अपील कोणाकडे, हे आवक करतानाच विचारून अर्जावर टिपून ठेवावे.

या मार्गाची मर्यादा सरळ आहे. तो उशीर मोडतो, वाद मोडत नाही. एखाद्या भावाने खरी हरकत घेतली किंवा कुळाने दावा लावला, तर प्रकरण वादग्रस्त नोंदीत जाते आणि तिथे माहिती अधिकाराने काही हलत नाही. त्याला वेळ लागणारच. त्या वेळी कोणी "आतले बघतो" म्हणाला तर तो तुम्हाला निकाल विकतो आहे, आणि ते आठ हजारांवर थांबणार नाही.

आणि एखाद्याने स्पष्ट शब्दांत मागितलेच तर? मग लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. पैसे देण्याच्या आधी जायचे. लेखी तक्रार घेतल्यावर ते आधी मागणी खरी आहे का हे तपासतात, बहुधा पंचांसमक्ष संभाषण ध्वनिमुद्रित करून. नोटा तक्रारदारानेच आणायच्या असतात. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून घेतात आणि त्यांवर फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. ही पूड दिसत नाही, पण तिला लागलेले बोट सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. तक्रारदाराला बजावून सांगतात: हात मिळवायचा नाही, स्वतःहून पैसे पुढे करायचे नाहीत, मागितल्यावरच द्यायचे, शेजारी एक पंच राहील. पैसे दिल्यावर ठरलेली खूण करायची.

खटले पडतात ते गुलाबी पाण्यामुळे नव्हे. नोटा सापडल्या, हात धुतले, पाणी गुलाबी झाले, तरी मागणी सिद्ध झाली नाही तर आरोपी सुटतो. "त्याने न मागता टेबलावर ठेवले" हा बचाव सर्वांत जास्त चालतो, आणि आधी सांगितलेल्या त्या सवयीमुळे तो खोटाच असतो असेही नाही. म्हणून तक्रारदाराने मागणी कोणत्या शब्दांत, कोणत्या दिवशी, कोणासमोर झाली हे त्याच दिवशी लिहून ठेवणे फार मोलाचे. तक्रारदार नंतर उलटला किंवा हयात राहिला नाही तरी खटला आपोआप मरत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता प्रकरणात दिला आहे. पण "आतले बघतो" या वाक्यावर सापळा लावणे फार अवघड. त्यात मागणारा कोण, कशासाठी, किती, यांपैकी रकमेशिवाय काहीच नसते. ज्या व्यवहारात कोणी मागत नाही, तिथे मागणीवर उभा असलेला कायदा कमी पडतो. तिथे उपयोगी पडतो तो आवक क्रमांक.

आमच्या या प्रकरणातल्या घरात पुढे मुलीच्या सासरच्या गोव्यातल्या एका जमिनीचा असाच अर्ज होता, तो मात्र शिक्का घेऊन, यादी जोडून आणि एजंटशिवाय दिला गेला. एक पत्र आवक करावे लागले. वेळ थोरल्यापेक्षा जास्त लागला नाही. नोंद प्रमाणित झाल्यावर ऑनलाइन उतारा काढला तेव्हा जावयाचे आडनाव चुकीच्या अक्षरांत उमटलेले होते, आणि ते दुरुस्त करायचा अर्ज त्याच आठवड्यात आवक केला, कारण तेच अक्षर पुढच्या पिढीच्या फाइलमध्ये पुन्हा शंका म्हणून निघते.